"आमच्या काळची गाणी" म्हणजे नेमकी कुठल्या काळची?

सत्तरी ओलांडलेलं माणूस "आमच्या काळची गाणी" म्हणतं, तेव्हा ते कुठल्या काळाबद्दल बोलतंय हे जरा नीट ऐकून पाहा. ते माणूस आजही आपल्यासमोर बसलेलं आहे, रोज बातम्या बघतंय, नातवंडांशी फोनवर बोलतंय. म्हणजे आजचा काळही त्याचाच की. पण त्याला ते "आमचा" म्हणत नाही. आयुष्याची सत्तर वर्षं एका बाजूला, आणि "आमचा काळ" म्हणून बाजूला काढलेली दहा-बारा वर्षं दुसऱ्या बाजूला. ही वर्षं जवळपास नेहमी तीच निघतात: शाळेची शेवटची काही वर्षं आणि त्यानंतरची पहिल्या तरुणपणाची.

हा नुसता बोलण्यातला लकब असता, तर सोडून देता आला असता. पण मानसशास्त्रज्ञांनी तो मोजला आहे आणि त्याचा आलेखही काढला आहे. त्या आलेखात एक टेकाड दिसतं, त्याला रेमिनिसन्स बम्प म्हणतात. मी त्याला आठवणींचा उंचवटा म्हणेन.

तो सापडला कसा, हे आधी सांगते. आठवणी मोजायची एक जुनी युक्ती आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने 1879 मध्ये ती स्वतःवरच करून पाहिली होती. समोरच्याला एकेक साधा शब्द द्यायचा: पाऊस, खिडकी, पत्र. शब्द ऐकल्यावर आयुष्यातला जो पहिला प्रसंग डोळ्यांसमोर येईल तो सांगायचा, आणि तेव्हा आपलं वय किती होतं तेही सांगायचं. असे शंभरेक शब्द झाले की शंभरेक प्रसंग जमा होतात. मग कुठल्या वयातले किती, ते मोजायचं. अमेरिकेतले डेव्हिड रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 मध्ये अशा वेगवेगळ्या अभ्यासांतली माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा उतारवयातल्या लोकांचा आलेख पुन्हा पुन्हा एकाच आकाराचा येत होता.

पहिली तीन-चार वर्षं जवळपास कोरी असतात. शेवटची काही वर्षं भरगच्च असतात, त्यात नवल नाही, कारण परवाचं आठवणं सोपं. या दोन टोकांच्या मध्ये आलेख हळूहळू उतरत जायला हवा, जितकं मागे जाल तितकं कमी. पण तसं होत नाही. साधारण दहा ते तीस वर्षांच्या वयात तो पुन्हा वर चढतो. पासष्ट वर्षांच्या माणसाला चाळिशीपेक्षा विशी जास्त आठवते, खरं तर चाळिशी जास्त जवळची असूनसुद्धा. पंचविशीतल्या माणसात हा उंचवटा पाहायला जाल तर दिसणार नाही. त्याची "ती वर्षं" आणि "ताजी वर्षं" एकच आहेत, त्यामुळे टेकाड वेगळं निघत नाही. चाळिशीच्या आसपास ते सुटं दिसू लागतं.

आता गाण्यांकडे येऊ.

1989 मध्ये मॉरिस होलब्रूक आणि रॉबर्ट शिंडलर या दोघांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. आजही या विषयावर कुणी लिहिलं की तो येतोच, म्हणून तो जवळून बघू. 16 ते 86 वयाची 108 माणसं. 28 गाणी, सगळी आपापल्या काळात गाजलेली, 1932 पासून 1986 पर्यंतची. प्रत्येकाला प्रत्येक गाण्याचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा ऐकवला आणि किती आवडलं त्याचे गुण द्यायला सांगितले. नंतर एक साधी वजाबाकी केली: गाणं आलं ते वर्ष वजा ऐकणाऱ्याचं जन्मवर्ष. म्हणजे ते गाणं आलं तेव्हा या माणसाचं वय काय होतं. 1940 सालच्या माणसासाठी 1963 चं गाणं 23 व्या वर्षाचं, आणि 1932 चं गाणं उणे आठव्या वर्षाचं, म्हणजे जन्माच्या आठ वर्षं आधीचं.

सगळ्यांचे गुण या वयाप्रमाणे मांडले तेव्हा उलट्या वाटीसारखा आकार आला. जन्माआधीची गाणी कमी आवडती, उतारवयात आलेली गाणीही कमी आवडती, आणि मध्ये शिखर. ते शिखर साडेतेवीस वर्षांवर होतं.

हा आकडा पुढे इतका फिरला, की "साडेतेविसाव्या वर्षी आवड गोठते" असं लोक सहज सांगू लागले. पण आकड्यामागची माणसं बघितली की जरा थांबावंसं वाटतं. त्या अभ्यासातला 86 वर्षांचा माणूस विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला जन्मलेला. यादीतलं सगळ्यात जुनं गाणं आलं तेव्हा तो तिशीला टेकला होता. म्हणजे त्याच्या पंधराव्या वर्षाचं एकही गाणं त्याला ऐकवलेलंच नाही, तर ते त्याला आवडतं की नाही हे कळणार कुठून? उलट सोळा वर्षांच्या मुलाला यादीतली बहुतेक गाणी जन्माआधीची. आलेखाचं डावं टोक मुख्यतः तरुणांच्या गुणांनी बनलं आहे आणि उजवं टोक म्हाताऱ्यांच्या. एकाच माणसाच्या आयुष्यभराचा हा आलेख नाही. वेगवेगळ्या पिढ्यांचे तुकडे जोडून तो शिवला आहे. एकूण आकार खरा आहे, पुढच्या अभ्यासांतही तशा प्रकारचा उंचवटा दिसत राहिला. पण शिखराचं नेमकं वर्ष दगडावर कोरल्यासारखं मानायचं कारण नाही.

पुढे झालंही तसंच. 2018 मध्ये एका अमेरिकन विश्लेषकाने स्पॉटिफायवरची माहिती घेऊन पाहिलं, की 1960 ते 2000 या काळात पहिल्या क्रमांकावर गेलेली गाणी आज कुठल्या वयाचे लोक जास्त ऐकतात. त्यात शिखर बरंच लहान वयाकडे सरकलं. बायकांच्या बाबतीत 11 ते 14, पुरुषांच्या बाबतीत 13 ते 16 ही वर्षं सगळ्यात वजनदार निघाली. विशीच्या सुरुवातीचं वजन त्याच्या निम्म्यावर आलं. 2020 मध्ये केली याकुबोव्स्की आणि सहकाऱ्यांनी 18 ते 82 वयाच्या 470 लोकांना 1950 ते 2015 मधल्या 111 गाण्यांबद्दल विचारलं: हे गाणं ओळखीचं आहे का, आवडतं का, आणि याच्याशी तुमच्या आयुष्यातल्या आठवणी जोडलेल्या आहेत का. आठवणींचं शिखर चौदाव्या वर्षाच्या आसपास आलं.

मग चौदा खरं की साडेतेवीस? माझ्या मते इथेच खरी गंमत आहे, आणि बहुतेक लेखांत ती निसटते. हे वेगवेगळ्या प्रश्नांचे आकडे आहेत. "आवडतं का" हा एक प्रश्न. "काही आठवतं का" हा दुसरा. "आज स्वतःहून लावून ऐकता का" हा तिसरा. आपण बोलताना तिघांना एकच समजतो, पण ते एकमेकांपासून सुटे होऊ शकतात. हे मला कळलं ते माझ्या थोरल्या बहिणीकडून.

ताईचा जन्म 1970 चा. एका दुपारी मी तिला कागद-पेन दिलं आणि म्हटलं, फार विचार न करता तुला जवळची वाटणारी वीस गाणी लिही. लिहून झाल्यावर आम्ही प्रत्येकापुढे ते गाणं कधी आलं ते वर्ष लिहिलं आणि त्यातून 1970 वजा केले. वीसपैकी अकरा गाणी 12 ते 22 या वयात पडली. इथपर्यंत सगळं पुस्तकात छापल्यासारखं. चार गाणी उणे निघाली, तिच्या जन्माआधीची. तीन गेल्या दोन-चार वर्षांतली. आणि दोन गाणी 36 व्या वर्षाची, एकटीच उभी, मागेपुढे कुणी नाही.

मग मी तिला दुसरा रकाना भरायला लावला. गाणं मनात म्हण, आणि एखादा ठरावीक प्रसंग डोळ्यांसमोर येतो का ते सांग. जागा, माणसं, उजेड, असं काहीतरी. "तेव्हा मी कॉलेजात होते" एवढं चालणार नाही.

त्या अकरांपैकी सहाच गाण्यांपुढे प्रसंग लिहिला गेला. आणि तिच्या सगळ्यात लाडक्या गाण्यापुढचा रकाना कोरा राहिला.

"अगं, हे तर मी हजारदा ऐकलंय," ती म्हणाली. "ह्याचं काय एकच सांगू?"

तिच्या त्या वाक्यात उत्तर आहे. गाणं हे आठवणीचं हँडल असतं. एका हँडलला एकच दार जोडलेलं असलं तर ते ओढल्याबरोबर दार उघडतं. त्याच हँडलला शंभर दोऱ्या बांधल्या, की ओढलं तरी कुठलंच दार पुरतं उघडत नाही. आठवणींच्या अभ्यासात हे तत्त्व 1970 च्या दशकापासून माहीत आहे: एखादी खूण जितक्या जास्त गोष्टींशी जोडली जाते, तितकी ती कुठल्याही एका गोष्टीची खूण म्हणून निकामी होत जाते. म्हणून आयुष्यभर सोबत राहिलेलं गाणं आवडीचं असतं, पण त्यातून एखादा ठरावीक दिवस परत येत नाही. आणि एका सुट्टीत महिनाभर सतत वाजलेलं, नंतर तीस वर्षं कानावर न पडलेलं, एरवी अगदी सामान्य गाणं अचानक कुठून तरी ऐकू आलं, की पायाखालची फरशीसुद्धा आठवते. ताईच्या यादीत असं एक गाणं होतं. "हे काही चांगलं गाणं नाही," तिने आधीच सांगितलं, आणि मग पाच मिनिटं एका जिन्याबद्दल बोलत राहिली.

हेही लक्षात ठेवावं, की बहुतेक गाणी काहीच उघडत नाहीत. कॅलिफोर्नियातले पीटर जनाटा यांनी 2007 मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांना त्यांच्या 7 ते 19 या वयातल्या गाजलेल्या गाण्यांचे तुकडे ऐकवले. सरासरी तीस टक्के तुकड्यांनी स्वतःच्या आयुष्यातलं काही आठवलं. बाकी नुसतीच ओळखीची किंवा तीही नाही. पण ज्यांनी आठवलं, त्यांच्यासोबत भावना जोरात आल्या, आणि गोड हुरहूर ही त्यातली एक ठळक भावना होती.

तर मग हीच वर्षं का? सगळ्यात आधी मेंदूचं उत्तर पुढे केलं जातं. किशोरवयात मेंदू घडत असतो, भावना तीव्र असतात, आवडत्या गाण्याने डोपामीन हे सुखाशी जोडलेलं रसायन सुटतं, आणि म्हणून ती गाणी मेंदूत पक्की बसतात. यातले काही तुकडे भक्कम आहेत. माँट्रियलमधल्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं, की अंगावर काटा आणणारं आपलं आवडतं संगीत ऐकताना मेंदूच्या खोल भागात खरोखरच डोपामीन सुटतं. तेही दोन टप्प्यांत: ती जागा येणार, येणार, अशी वाट बघताना एका भागात, आणि ती जागा आल्यावर दुसऱ्या भागात. पण हा प्रयोग "चौदाव्या वर्षी डोपामीन जास्त सुटतं म्हणून गाणं कायमचं बसतं" असं सांगत नाही. ती मधली उडी लेख लिहिणाऱ्यांनी मारलेली आहे. किशोरवयाचा मेंदू नव्या अनुभवांना जास्त उघडा असतो हे मानायला जागा आहे. पण उंचवट्याचं सगळं ओझं एकट्या मेंदूवर टाकता येत नाही, आणि त्याला चांगले पुरावे आहेत.

पहिला पुरावा डेन्मार्कमधला. डोर्थे बर्नत्सेन आणि रुबिन यांनी 20 ते 93 वयाच्या 1,200 हून अधिक लोकांना विचारलं: तुमची सगळ्यात आनंदाची आठवण कुठल्या वयातली? सगळ्यात दुःखाची कुठल्या वयातली? आनंदाच्या आठवणींचा विशीत स्पष्ट उंचवटा आला. दुःखाच्या आठवणींचा आलाच नाही, त्या बहुतेक अलीकडच्या वर्षांतल्या होत्या. आता विचार करा. त्या वयात मेंदू सगळंच जास्त पक्कं नोंदवत असता, तर दुःखही तितकंच पक्कं नोंदवलं गेलं असतं. तरुणपणीचं दुःख काही कमी टोकाचं नसतं. याच दोघांनी पुढे तरुणांना एक काल्पनिक मूल डोळ्यांसमोर आणायला सांगितलं: आज जन्मलेलं हे बाळ, याच्या आयुष्यात कुठल्या महत्त्वाच्या गोष्टी होतील आणि कुठल्या वयात? लोकांनी जे लिहिलं, शिक्षण संपणं, प्रेमात पडणं, नोकरी, लग्न, मूल, त्यातलं बहुतेक आनंदाचं होतं आणि पंधरा ते तीस या वर्षांत गोळा झालेलं होतं. म्हणजे आयुष्याची गोष्ट कशी सांगायची याचा एक साचा आपल्या डोक्यात आधीच तयार असतो. म्हातारपणी आठवणी शोधताना आपण त्या साच्यातल्या खणांत हात घालतो. ते खण त्याच वर्षांत जास्त आहेत. मृत्यूला, आजाराला साच्यात ठरलेलं वय नाही, म्हणून त्यांचं टेकाडही नाही.

दुसरा पुरावा मला जास्त पटतो, आणि ताईच्या त्या दोन एकट्या गाण्यांचा उलगडा त्यातूनच झाला. रॉबर्ट श्रॉफ आणि रुबिन यांनी स्पॅनिश बोलणाऱ्या, तरुणपणी किंवा मध्यमवयात अमेरिकेत येऊन स्थायिक झालेल्या वयस्क लोकांच्या आठवणी तपासल्या. जे विशीत आले, त्यांचा उंचवटा नेहमीच्या जागी होता. पण जे 34-35 व्या वर्षी आले, त्यांचा उंचवटा सरकून त्या वयाजवळ गेला. देश बदलला, भाषा बदलली, रोज सगळंच पहिल्यांदा करायला लागलं, आणि आठवणींचं टेकाड तिथे उठलं. बांगलादेशातही असंच काही दिसलं. मार्टिन कॉनवे आणि शम्सुल हक यांनी 1999 मध्ये तिथल्या वयस्क लोकांच्या आठवणी मांडल्या, तर तरुणपणीच्या उंचवट्याखेरीज 35 ते 55 या वयात दुसरा उंचवटा निघाला. तो त्यांच्या मुक्तिसंग्रामाच्या वर्षांवर बसत होता.

म्हणजे वय हे कारण नसून कारणं एकत्र येण्याची नेहमीची जागा आहे. ज्या वर्षांत जगणं झपाट्याने बदलतं, आपण कोण आहोत हे नव्याने ठरतं, आणि त्यानंतर बराच काळ गोष्टी तशाच स्थिर राहतात, ती वर्षं उठून दिसतात. बहुतेकांच्या आयुष्यात हे एकदाच होतं, शाळा संपता संपता. काहींच्या आयुष्यात दोनदा.

36 व्या वर्षी ताई एकटी परक्या देशात गेली होती, नोकरीसाठी, मुलाला आईकडे ठेवून. ती दोन्ही गाणी त्या पहिल्या वर्षातली. त्यातलं एक तिला कळत नसलेल्या भाषेतलं आहे. आजही तिला शब्द येत नाहीत, चाल पुरती येते.

राहिली चार उणे गाणी, जन्माआधीची. ही काही चूक नाही. कॅरोल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी 2013 मध्ये विशीच्या आसपासच्या 62 विद्यार्थ्यांना 1955 ते 2009 पर्यंतच्या गाजलेल्या गाण्यांचे तुकडे ऐकवले. स्वतःच्या वाढत्या वयातली गाणी वर असणार हे ठरलेलंच होतं. पण जन्माआधीच्या गाण्यांत एक टेकाड 1980 च्या सुरुवातीला निघालं, म्हणजे त्यांचे आईवडील तरुण होते तेव्हा. ही गाणी मुलांना नुसती ओळखीची नव्हती, आवडत होती, आणि त्यांच्याशी स्वतःच्या आठवणीही जोडलेल्या होत्या. आणखी एक छोटं टेकाड 1960 च्या दशकात होतं. ते आजी-आजोबांकडून आलं असेल, किंवा त्या दशकातली गाणीच इतकी टिकाऊ असतील. दोन्ही शक्यता संशोधकांनी उघड्या ठेवल्या.

मला यात मोठी गोष्ट दिसते ती ही. आईबापांनी आपल्या तरुणपणाची गाणी घरात वाजवली, आणि मुलांना ती त्यांच्या लहानपणाची झाली. गाणं बाजारात कधी आलं आणि ते या माणसाच्या आयुष्यात कधी आलं, ही दोन वेगळी वर्षं आहेत. होलब्रूक-शिंडलरपासून चालत आलेली ती वजाबाकी पहिलं वर्ष घेते आणि दुसरं समजते. ताईचीही एक अशीच चूक निघाली: यादीतलं एक गाणं वजाबाकीने तिच्या बाराव्या वर्षाचं येत होतं, पण तिने ते पहिल्यांदा ऐकलं सतराव्या वर्षी, मैत्रिणीने भरून दिलेल्या कॅसेटवर. बाजूच्या रकान्यात "मला कधी भेटलं" हे लिहायला लावलं की ही गफलत लगेच दिसते.

आता आवड खरंच गोठते का? "गोठते" हा शब्द मला चुकीचा वाटतो, कारण त्यातून कान बंद झाल्यासारखं वाटतं. नवं गाणं आवडायला लागतं ते मुख्यतः पुन्हा पुन्हा ऐकून. पहिल्यांदा परकं, पाचव्यांदा ओळखीचं, विसाव्यांदा लाडकं, आणि फारच झालं की कंटाळा. मोठ्या वयातही हे असंच चालतं. कमी पडतात ती आवर्तनं. अडीच लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेल्या 2013 च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की तरुण मंडळी मोठ्यांपेक्षा खूप जास्त वेळा आणि खूप वेगवेगळ्या ठिकाणी संगीत ऐकतात. वय वाढतं तसं संगीत आवडीचं राहतं, पण दिवसातला त्याचा वाटा आकसतो. पंधराव्या वर्षी एक गाणं आठवड्यात चाळीसदा ऐकलं जातं, मित्रांमध्ये त्यावर वाद होतात, वहीत शब्द उतरवले जातात. पंचेचाळिसाव्या वर्षी तितकंच चांगलं गाणं दोनदा ऐकू येतं, तेही दुसरं काही करताना. दोनदा ऐकलेल्या गाण्याने चाळीसदा ऐकलेल्याशी बरोबरी करावी कशी? त्यात जुनी गाणी गाळून आलेली असतात. त्या काळातली टाकाऊ शेकडो गाणी कुणीच लक्षात ठेवली नाहीत, आणि आजची मात्र सगळीच्या सगळी समोर आहेत. "तेव्हाची गाणी काय होती!" या वाक्यात ही न्याय नसलेली तुलना लपलेली असते.

या सगळ्याचा एक अगदी हातात धरण्यासारखा उपयोग आहे, तो विसरत चाललेल्या माणसांसाठी. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाजवळ बसून गाणी लावायची असतील, तर लोक सहसा "जुनी गाणी" अशी एखादी तयार यादी लावतात. जुनी म्हणजे कुणाची जुनी? 1944 साली जन्मलेल्या माणसासाठी सुरुवात साधारण 1954 ते 1969 या वर्षांपासून करावी, म्हणजे वयाची दहा ते पंचवीस वर्षं. 1975 चं गाणं आपल्याला कितीही जुनं वाटलं तरी त्याच्यासाठी ते संसारात बुडालेल्या वर्षांतलं आहे. त्यानंतर वजाबाकीवर न थांबता घरच्यांना तीन गोष्टी विचाराव्यात: लहानपणी घरात काय वाजायचं, मधल्या वयात गाव किंवा देश बदलला होता का, आणि गाजलेल्या गाण्यांखेरीज त्यांच्या तोंडी काय असायचं. प्रार्थना, अंगाई, शाळेतली कविता हे कुठल्याही गाजलेल्या यादीत सापडत नाही.

एका वेळी एकच गाणं लावावं आणि माणसाकडे बघत राहावं. बोटं हलतात का, ओठ शब्द पकडतात का, श्वास संथ होतो का. तोंड वळवलं, हाताने चादर चुरगळायला लागली, तर गाणं बंद करावं, मग यादीप्रमाणे ते कितीही "बरोबर" वर्षाचं असो. टेकाड आनंदाच्या आठवणींचं असलं तरी प्रत्येक गाणं आनंदाचंच दार उघडेल असं नाही, आणि जो सांगू शकत नाही त्याच्या वतीने ते आपल्यालाच ओळखावं लागतं.

ताईने तिची यादी जपून ठेवली आहे. मुलाला दिली, पुढे लागली तर असावी म्हणून. देताना तिने एक बदल केला: सगळ्यात लाडकं गाणं खाली नेलं, आणि ते "चांगलं नसलेलं", जिन्याचं गाणं सगळ्यात वर लिहिलं.